मदत हवी आहे: भांग खरंच रुंदावलाय की फोटोच फसवतोय?

मुक्ता३४: दोन वर्षांपूर्वीच्या एका समारंभातला फोटो आणि परवाचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. तेव्हा भांगाची बारीक रेघ होती, आता टाळूची पट्टीच दिसते. कंगव्यात केस मात्र पूर्वीइतकेच येतात. दर महिन्याला फोटो काढून ठेवले तर खरं काय ते कळेल का?

सईची_आई: माझेही बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात झुपक्याने गेले होते, आपोआप आले परत. काळजी करू नकोस.

मुक्ता३४: ताई, माझे गळत नाहीयेत, भांग रुंद होतोय.

गार्गी_स: भांग दुसरीकडून पाड, संपलं. एकाच जागी वर्षानुवर्षं ताणून बांधलं की केस जातातच.

त्वचा_डॉक्टर: ताणाचं खरं आहे, पण ते केस बहुधा कपाळाच्या कडेने आणि कानशिलांजवळ जातात. मधला भांग पुढून रुंदावत गेला आणि कपाळावरची केसांची रेषा जागेवर राहिली, तर बायकांमधलं आनुवंशिक विरळ होणं असू शकतं. त्यात केस आधी बारीक होतात, म्हणून गळती फारशी जाणवत नाही. भांग बदलल्याने ते फक्त झाकलं जातं.

तुमचे ते दोन फोटो मात्र बाजूला ठेवा. केस ओले किंवा तेलकट असले, वरून दिवा किंवा फ्लॅश असला की कुणाचीही टाळू जास्त दिसते. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, कोरडे असताना, कंगव्याच्या टोकाने मधोमध भांग पाडा. खिडकीकडे तोंड करून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने, सुंदर दिसण्याचे फिल्टर बंद करून फोटो काढायला सांगा. भांगाशेजारी कागदी मोजपट्टीचा तुकडा ठेवा. डोक्याच्या मागच्या बाजूलाही भांग पाडून फोटो घ्या. तिथले केस सहसा टिकतात, त्यामुळे ताडून पाहता येतं. पहिल्याच दिवशी भांग मोडून पुन्हा पाडा आणि तीनदा फोटो काढा.

मुक्ता३४: तीनदा कशाला?

त्वचा_डॉक्टर: उद्या कळेल.

मुक्ता३४: कळलं! टाळूच्या मध्यावर ६, ७ आणि परत ६ मिलिमीटर. मागे तिन्ही वेळा ३.

त्वचा_डॉक्टर: म्हणजे एक मिलिमीटरचा फरक तुमच्या हाताचाच आहे. पुढे ७ आलं तर घाबरायचं नाही, ५ आलं तर पेढेही वाटायचे नाहीत. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा तीन महिन्यांनी ताडा. मध्यावर ६ आणि मागे ३ हा फरक मात्र आजच दाखवण्यासारखा आहे. केसांची जाडी कमी-जास्त झालीय का, हे मोबाइलच्या फोटोत दिसत नाही. त्याला टाळूवर धरायचं भिंग लागतं.

गार्गी_स: मी तर रोज सेल्फी काढून बघते.

त्वचा_डॉक्टर: म्हणूनच रोज वेगळं दिसतं.

मुक्ता३४: डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी फोटो घेऊन जाऊ की आत्ताच? आईचा भांगही असाच होता, ते आता आठवतंय.

त्वचा_डॉक्टर: आत्ताच. औषध सुरू झालं तर त्याआधीचे फोटो हवेतच, ते तुमच्याकडे आहेत. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासलंय का कधी?

मुक्ता३४: थायरॉइड नाही. लोहाचा रिपोर्ट शोधते.