चारधाम पॅकेज: केदारनाथच्या दिवसाचं काय विचारावं? मदत हवी आहे

नागपूरचं सहा जणांचं कुटुंब, त्यात दोघं सत्तरीपुढचे, बुकिंग करणार आहे. पत्रकात सहावा दिवस एवढाच: 'गुप्तकाशी–केदारनाथ, दर्शन व मुक्काम'. पण पॅकेजची गाडी सोनप्रयागलाच थांबते. पुढे गौरीकुंडापर्यंत पाचेक किलोमीटर स्थानिक जीप, मग सुमारे सोळा किलोमीटर चढण. जीप, घोडा, डोली, हेलिकॉप्टर यांपैकी काहीच 'समाविष्ट'मध्ये नाही. (नोंदणी शुल्क मात्र लावलंय!)

खरी अडचण वेगळीच. त्या रात्रीची खोली वर केदारनाथला आहे, गुप्तकाशीची सकाळीच सोडायची. मग आजी-आजोबा चढू शकले नाहीत तर झोपणार कुठे? खालची एक खोली ठेवून घ्यायला एजंटकडून नेमकं काय लिहून घ्यावं?