मदत हवी: प्रयोजक क्रियापदं करण्याचा पक्का नियम कोणता?

रानजाई: धातूला 'अव' लावून प्रयोजक क्रियापद होतं हे माहीत आहे, पण निम्म्या ठिकाणी उत्तर चुकतंय. नियम सांगा, लांबलचक याद्या नकोत. रविवारच्या आत हवं आहे.

दगडूमास्तर: सोपं आहे. बसणे-बसविणे, हसणे-हसविणे, शिकणे-शिकविणे. सगळ्या धातूंना हेच. फक्त 'बसवणे' लिहू नका, शुद्ध रूप 'बसविणे'.

पाणवठा: चुकतंय म्हणजे नक्की कुठे? आणि हे कोणासाठी आहे? मराठी घरातल्या मुलाला सांगणं वेगळं, नव्याने शिकणाऱ्याला वेगळं.

रानजाई: सांगायचं राहिलं. मी मेलबर्नला रविवारी मराठीचा वर्ग घेते, मुलं नऊ-दहा वर्षांची. नियम शिकवला आणि वह्यांमध्ये हे आलं:
'आईने बाळाला दूध पिववलं.'
'वाऱ्याने झाड पडवलं.'
'बाईंनी मला धडा वाचवला.'
तिसरं कानाला खटकतं, पण मुलीने 'का?' विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

पाणवठा: मुलांनी नियम अगदी बरोबर लावलाय, म्हणूनच चुकलीत. एकेक घेऊ.

'पिणे'ची जागा 'पाजणे'ने आधीच घेतली आहे, त्यामुळे 'पिववणे'ला वाव नाही. तसंच 'राहणे'चं 'ठेवणे' आणि 'दिसणे'चं 'दाखवणे'. हे पाठच करायचे.

'पडणे'ची जात वेगळी. तिथे 'व' येत नाही, धातूतलाच स्वर बदलतो: पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे. 'उ' असेल तर 'ओ' होतो आणि 'ट'चा 'ड': तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. हा गट जुना आहे, त्यात आता नवी भर पडत नाही. कोणता धातू या गटातला ते नुसत्या आवाजावरून ओळखता येत नाही. 'टळणे'चं 'टाळणे' होतं, पण 'कळणे'चं 'कळवणे'. म्हणून आधी हे दहा-बारा धातू तोंडी करून घ्या, 'अव' मागून शिकवा.

'वाचवला' हे रूप चुकीचं नाही, त्याचा अर्थ ठरून गेलाय. 'वाचणे' म्हणजे जीव बचावणे, त्याचं 'वाचवणे'. त्यामुळे वाक्य ऐकताना बाईंनी धड्याला बुडताना बाहेर काढल्यासारखं वाटतं. पुस्तक वाचण्याबद्दल बोलायचं तर 'बाईंनी माझ्याकडून धडा वाचून घेतला' किंवा 'मला धडा वाचायला लावला'. बोलताना 'करवणे'ऐवजीही आपण बहुतेकदा हेच म्हणतो. सुताराकडून कपाट करून घेतो, मुलाला गृहपाठ करायला लावतो. 'लावणे'त थोडी सक्ती आहे, 'घेणे'त नाही.

ओवी_७२: माझ्या सासूबाईंना आता जिना चढवत नाही, गुडघे फार दुखतात. हे 'चढवत' पण प्रयोजकच ना? कोणी चांगलं तेल सुचवेल का?

पाणवठा: ताई, तेलाचं डॉक्टरांना विचारा. शब्दाचं सांगतो, कारण रानजाईंच्या वर्गात हे नक्की निघणार. रूप तेच, पण हे प्रयोजक नाही. 'सासूबाईंना चढवत नाही' म्हणजे त्यांना चढणं जमत नाही. 'सासूबाई सामान माळ्यावर चढवत नाहीत' हे प्रयोजक. पहिल्यात माणसाला 'ला' किंवा 'ना' लागतं आणि क्रियापद 'नाही'वरच थांबतं, माणसाप्रमाणे बदलत नाही. मात्र 'मी आजीला चालवत नाही' यात 'ला' असूनही प्रयोजकच आहे, कारण चालवणारा 'मी' वाक्यात आहे. तेव्हा मुलांना विचारायला सांगा: करायला लावणारा कोणी आहे का?

दगडूमास्तर: 'पाडणे' विसरलो होतो, मान्य. पण 'विणे'वर मी ठाम आहे. आमच्या शाळेत 'बसवले' लिहिलं की गुण जायचे.

पाणवठा: जुन्या छापील मजकुरात 'बसविले' भरपूर सापडेल, ते चूक नाहीच. पण मुलं घरी 'बसवलं' ऐकतात. वहीत दोन्ही चालू द्या, एका निबंधात एकच ठेवा.

दगडूमास्तर: नाही पटत.

कृष्णाकाठ: 'खाणे'चं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे लेकराला घास चारतात.

ओवी_७२: चारतात ते गुराढोरांना! बाळाला भरवतात.

कृष्णाकाठ: माझी आजी आम्हाला दहीभात चारायची, तिला कोणी चूक म्हटलं नाही.

रानजाई: आभार. 'पाजणे', 'पाडणे' आणि 'वाचून घेणे' तिन्ही रविवारी घेते. एक राहिलं: 'जेवणे'चं तुम्ही 'जेववणे' म्हणता की 'जेवू घालणे'? माझ्या घरी दोन्ही चालतं आणि मुलं एकच उत्तर मागतात.

कृष्णाकाठ: जेवू घालणे.

दगडूमास्तर: जेवविणे.