शेंदणे, कार्य आणि ‘शक्ती’: पोहऱ्याच्या गणितातला शब्द

प्रश्न (नववीतल्या मुलीची आई): उदाहरणात सासू आणि सून एकाच विहिरीतून तेवढाच भरलेला पोहरा वर काढतात. सासूला 40 सेकंद लागतात, सुनेला 20. लेकीने लिहिलं, ‘सासू जास्त वेळ ओढत होती, म्हणून तिचं कार्य जास्त.’ ते चूक ठरलं. शिवाय ‘शक्ती’ सुनेची दुप्पट, म्हणजे काय? ती दुप्पट ताकदवान आहे का?

निवृत्त शिक्षक: पोहऱ्यात 10 लिटर पाणी आणि पोहरा 2 किलोचा धरा. मग वजन साधारण 118 न्यूटन. पाणी कठड्यापासून 10 मीटर खाली असेल, तर पोहऱ्यावर झालेलं कार्य सुमारे 1,180 ज्यूल. दोघींचं तेवढंच, कारण कार्य म्हणजे जोर गुणिले अंतर, या हिशोबात वेळ येतच नाही. वेळ येतो शक्तीत, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कार्यात: सासूची सुमारे 29 वॅट, सुनेची 59. दोर दोघींनी जवळपास सारख्याच जोराने ओढला. तेव्हा इथली शक्ती म्हणजे ताकद नव्हे.

दुसरे एक: पण कप्पी असली की निम्माच जोर लागतो ना?

शिक्षक: विहिरीवरची कप्पी जागेवर पक्की असते, ती फक्त दिशा बदलते. वर खेचण्याऐवजी खाली ओढता येतं, अंगाचा भार दोरावर टाकता येतो, म्हणून सोपं वाटतं. पोहराच फिरत्या कप्पीला टांगला, तर जोर निम्मा होतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. उलट आपली कप्पी कोरडी पडून कुरकुरत असेल, तर 118 पेक्षा जास्तच जोर लागतो. जास्तीचं कार्य घर्षणात जातं. तेल घातलं की हाताला लगेच कळतं.

कोकणातून: आमच्याकडे या कप्पीलाच रहाट म्हणतात. आणि ‘पाणी काढणं’ कशाला, शेंदणं म्हणा! आजी म्हणायची, ‘दोन घागरी शेंदून आण.’ उन्हाळ्यात गाळ काढायला विहीर रिकामी करायची, ते उपसणं. शेंदताना मध्येच दमून दोर नुसता धरून उभं राहिलं, तर हात भरून यायचे. ते कार्य नाही का?

शिक्षक: पोहरा हलला नाही, तर त्याच्यावर शून्य. स्नायू मात्र आतल्या आत ऊर्जा खर्च करत असतात, म्हणून दमायला होतं. तुमच्या लेकीचा गोंधळ नेमका इथलाच आहे: दमणं म्हणजे कार्य असं तिने धरलं.

प्रश्नकर्ती: कार्य समजलं. शक्ती हा शब्द मात्र अजून खुपतो. ‘कामाचा झपाटा’ म्हटल्यावर तिला पटकन कळलं.

शिक्षक: झपाटा अर्थाला जवळचा आहे, पण ‘मोटारीचा झपाटा 5 अश्वशक्ती’ कसं वाटेल?

कोकणातून: मला तर चालेल.