यमक नावाला नको, गालाला

"लेकीच्या नावाला यमकच सापडत नाही, वाढदिवसाच्या कार्डावर काय लिहू?"

नाव ओळीच्या शेवटी ठेवूच नका, मधे टाका. यमक लाल-गाल, भात-हात असल्या रोजच्या शब्दांचं घ्या, तीन वर्षांच्या पोराला तेच आधी कळतं. मी लेकीच्या कार्डावर लिहिलेलं हे:

एक फुगा, दोन फुगे,
तीन फुगे लाल
ओवी बघ हसली की
गोल गोल गाल!

यात प्रत्येक तुकडा सहा मात्रांचा आहे (ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन), शेवटचा लाल-गाल तेवढा तीनचा, म्हणजे तिथे आपोआप थांबायला होतं. आता गंमत बघा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... थेट दहापर्यंत सगळे आकडे तीनच मात्रांचे आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी 'दोन फुगे, तीन फुगे, चार फुगे लाल' केलं की चाल जराही हलत नाही. नाव बदलताना मात्र मोजायला लागतं. ओवी, मीरा, आरव चार मात्रांचे, पुढे 'बघ' बसतं. रमा तीनचं, तिथे 'रमा अशी हसली की' करायचं. मी आधी 'ओवी अशी' लिहिलं होतं, सात मात्रा झाल्या, वाचताना काही कळलं नाही पण टाळी वाजवत म्हटलं तर नेमकी तिथेच जीभ अडखळायची. म्हणून कार्डावर पेन टेकवायच्या आधी मांडीवर टाळी देत दोनदा मोठ्याने म्हणून बघा, जिथे घाईने बोलावं लागतं तिथला शब्द बदला.