मदत हवी आहे: तारेवरचा निळा पक्षी, खंड्या की नीलपंख?

मंडळी, रविवारी सकाळी भांडुप पंपिंग स्टेशनला गेलेले, तिथले तीन फोटो टाकतेय. पहिला वेडा राघूच ना? सडपातळ अंग, चोच बारीक, लांब आणि खाली वाकलेली. शेपटीतून निघणारी तार मात्र दिसत नाहीये, पण पिल्लांना ती नसते म्हणून मी चोचीवरच भरवसा ठेवला. दुसरा खंड्या, डोकं अंगाच्या मानाने मोठं, शेपूट आखूड आणि चोच सरळ, जाड, सुऱ्यासारखी.

अडलंय ते तिसऱ्यावर. विजेच्या तारेवर ताठ बसलेला, उजेड मागून त्यामुळे रंग सगळे काळपट, आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडे म्हणजे चोचीची लांबीच कळत नाही, खंड्याची लांब चोचसुद्धा समोरून आखूडच दिसते. अंग भरदार आहे, मान जाड, त्यामुळे राघू नक्की नाही. झूम केल्यावर चोचीचं टोक किंचित खाली वळल्यासारखं वाटतंय आणि शेपूट तारेच्या बरीच खाली आलीये, म्हणून मला नीलपंख वाटतोय. पण चोच अशी समोरून असताना नुसत्या शेपटीवर आणि बसण्यावर नीलपंख म्हणता येईल का? अजून काय बघू?