मदत हवी आहे: टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड करपलाय, दहा सॉकेटचा घेऊ का?

औसेकर_फॉर्मवाला:
नमस्कार मंडळी. औशाला घरातल्याच एका खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. टेबलाखाली सहा वर्षांपूर्वीचा चार सॉकेटचा बोर्ड आहे. त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर, लेझर प्रिंटर आणि मल्टिप्लग लावून राउटर, मोबाइलचे चार्जर. उन्हाळ्यात कूलरही त्यावरच. खोलीत भिंतीला एकच प्लग असल्यामुळे सकाळी मॉनिटरची पिन काढून पोरांच्या गणवेशाची इस्त्रीही तिथंच होते.

परवा इस्त्री चालू असताना मासळी करपल्यासारखा वास आला. पिन काढली तर चटका बसला. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी झालंय, पिन आता ढिली बसते. एमसीबी मात्र पडली नाही. तेवढं एक सॉकेट बदलून भागेल का? की दहा सॉकेटचा मोठा बोर्ड घेऊ, म्हणजे मल्टिप्लग लागणार नाही?

परभणीचा_पक्या:
सोळा अँपिअरचा घ्या, आयएसआय मार्क बघून. काही होत नाही मग.

सुनंदा_बीड:
आमच्याकडं पण लाइट लई कमी-जास्त होते, दोन राउटर उडाले. स्पाइक गार्ड लावा, त्यानं वाचतंय सगळं. कोणता चांगला, कोणी सांगेल का?

वायरमन_काका:
औसेकर, आधी तो बोर्ड काढून बाजूला ठेवा. एक सॉकेट बदलून भागणार नाही. आतली पितळी पट्टी एकदा तापली की तिचा ताण जातो, पिन ढिली होते. ढिल्या जागी उष्णता आणखी वाढते आणि शेजारच्या वायरीचं प्लास्टिकही वितळायला लागतं. वास तोच होता.

आता तुमचा लोड मांडू. इस्त्री १,००० वॅट. कूलर १८० धरा. कॉम्प्युटर, मॉनिटर, चार्जर मिळून २५० च्या आत. लेझर प्रिंटर स्वस्थ असतो तेव्हा काही खात नाही, पण कागद काढायला तापतो तेव्हा काही क्षण ८०० च्या आसपास ओढू शकतो. नक्की आकडा मागच्या पट्टीवर बघा. सगळं एकदम चाललं तर २,२०० च्या पुढं, म्हणजे साडेनऊ अँपिअर. बोर्ड सहाचा, म्हणजे १,४०० वॅटच्या आतलाच. एमसीबी बहुतेक सोळाची असेल. तिला साडेनऊ म्हणजे काहीच नाही, ती कशाला पडेल? बोर्ड जळेपर्यंत ती तशीच उभी राहील.

म्हणून दहा सॉकेटचा घेऊ नका. सॉकेट वाढले तरी भिंतीकडून येणारी वायर एकच असते, आणि जागा दिसली की माणूस आणखी पिना लावतो.

परभणीचा_पक्या:
तेच म्हणतोय काका, सोळाचा घेतला की मिटलं.

वायरमन_काका:
पक्या, मार्क बघायचा हे बरोबर. पण सोळाची जाड पिन त्यांच्या भिंतीतल्या सहाच्या सॉकेटात बसायची नाही. मग लोक कन्व्हर्टर लावतात, आणि टेबलाखालचं जळणं भिंतीत जातं.

औसेकर, इस्त्रीसाठी वेगळा सोळाचा पॉइंट मेन बोर्डापासून जाड वायरीनं ओढून घ्या. टेबलाला चार-पाच सॉकेटचा सहाचाच बोर्ड, पण स्वतःचा ओव्हरलोड स्विच असलेला. लोड वाढला की तो स्वतः बंद पडतो. वायरीवर छापलेलं वाचा. तीन तारा, तांब्याच्या, १ चौरस मिलिमीटर असेल तर उत्तम. दुकानातच पिन घालून बघा, काढायला जोर लागला पाहिजे. कुठलीही पिन बसते अशी मोठ्या भोकांची सॉकेट टाळा, त्यांची पकड कमी असते.

सुनंदाताई, स्पाइक गार्ड वरून येणारा झटका झेलतो, लोड कमी करत नाही. तासन् तास लाइट कमी-जास्त होत असेल तर तो त्याचा इलाज नाही. आजूबाजूच्या घरांतही तसंच होतंय का, हे आधी बघा.

सुनंदा_बीड:
शेजारी पण तसंच होतंय. डीपीचाच घोळ दिसतोय.

औसेकर_फॉर्मवाला:
काका, जुना बोर्ड आज खोलला. वर तीन पिनांचा प्लग, पण वायरीत दोनच तारा! अर्थिंगची पट्टी सगळ्या सॉकेटांना जोडलेली, आणि पुढं कुठंच नाही. सहा वर्षं कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या यायच्या, ते याच्यामुळंच असेल का?

वायरमन_काका:
असेल. पण भिंतीतलं अर्थिंग तरी जिवंत आहे का, ते बघून घ्या. वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा, स्वतः करू नका. आपल्याकडं मे महिन्यात जमीन वाळून खडक होते, खड्डा कोरडा पडतो.

औसेकर_फॉर्मवाला:
वायरमन येऊन गेला. बल्ब लागला, पण मंद. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर थोडा वाढला, तरी पूर्ण नाही. घरमालक म्हणतात, पावसाळ्यात आपोआप होईल. नवा पाच सॉकेटचा बोर्ड आणलाय, इस्त्री सध्या स्वयंपाकघरातल्या सोळाच्या पॉइंटवर नेली. खड्डा नवा करायचा खर्च भाडेकरूनं करावा का, हे तेवढं कोणी सांगा.