मदत हवी आहे: बाळाला चांदीचे वाळे की वाटी?

पुढच्या आठवड्यात फोंड्याला भाचीच्या मुलीचं बारसं आहे. म्हापशात वाळे पाहिले, फार गोड होते. पण एका घुंगराची कडी बोटाने ओढताच उघडली. बाळ पाय तोंडात घालतं, घुंगरू घशात अडकलं तर? त्यामुळे वाळे घेतलेच तर बिनघुंगराचे, गुळगुळीत.

वाटी जास्त वापरात येईल, सहा महिन्यांनी पेज भरवायला. दाखवलेल्या वाटीवर नुसता ९२५ चा शिक्का होता, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. बीआयएसचं चिन्ह मात्र नव्हतं. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर माझा भरवसा बसत नाही.

म्हापसा, फोंडा किंवा मडगावात हॉलमार्कची, बिनजोडाची, काठ न टोचणारी वाटी कुणी घेतली आहे का? घडणावळ किती पडली?